एका प्लगवर चार हार्ड डिस्क

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका मित्राला डेस्कटॉपमध्ये आणखी चार हार्ड डिस्क बसवायच्या होत्या. पॉवर सप्लायचा एकच साटा प्लग मोकळा होता. एकाचे चार करणारी वायर त्याने आणली, जोडली, संगणक चालू झाला. चौथ्या महिन्यात एक डिस्क अधूनमधून गायब व्हायला लागली. झाकण उघडलं, तर प्लगचं काळं प्लास्टिक एका कडेला तपकिरी पडलेलं.

हिशोब सोपा आहे. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते, तेव्हा काही सेकंद १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. नंतर अर्ध्या-पाऊण अँपिअरवर भागतं. म्हणजे चौघींना सुरुवातीला मिळून ८ अँपिअर. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पट्ट्या तीन, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर; एकूण साडेचार. भार क्षणात उतरतो, म्हणून चूक लगेच कळत नाही. पण संगणक सुरू केला की दर वेळी पट्ट्या तापतात, पकड सैल होते, आणि सैल जोड आणखी तापतो. पॉवर सप्लायच्या मूळ केबलवरही तीन-चार प्लग असतात, पण तिथे वायरच पुढे जाते, प्रत्येक प्लगमधून फक्त त्याच्याच डिस्कची वीज जाते.

मग जुना चार पिनी मोलेक्स बरा का? त्याच्या जाड पिना १० अँपिअरच्या आसपास सहज झेलतात. दोन डिस्कचा भार त्याला जड नाही. मात्र जुन्या पिना ढिल्या होतात, जोडताना मागे सरकतात. जोडल्यावर एकेक वायर हलकेच ओढून पाहावी.

खरा धोका अडॅप्टरच्या साटा टोकाला असतो. स्वस्त अडॅप्टरमध्ये वायरींवर गरम प्लास्टिक ओतून प्लग घडवतात. त्यात एखादी वायर सरकली, तर १२ व्होल्ट आणि अर्थ यांच्यात केसभर अंतर उरतं. कधीतरी तिथून वीज झिरपायला लागते. ८ अँपिअर झिरपले, तर अंगठ्याएवढ्या प्लगमध्ये जवळपास १०० वॉटची शेगडी पेटते. आणि पॉवर सप्लाय बंद पडत नाही, कारण ग्राफिक्स कार्डसाठी कितीतरी जास्त वीज द्यायला तो बनलेला असतो. त्याला हा नेहमीचाच भार वाटतो.

ओळखायचं कसं? सांधा नसलेला, एकसंध ठोकळा दिसला तर नको. मागे वेगळं टोपण बसवलेला, वायरी सुट्या दिसणारा प्लग त्यापेक्षा भरवशाचा.

मित्राने पॉवर सप्लायच्या त्याच मॉडेलसाठी बनवलेली दुसरी साटा केबल घेतली आणि सहा डिस्क दोन केबलींवर तीन-तीन वाटल्या. घरात दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल पडलेली होती, खाचेत बसतही होती. ती त्याने लावली नाही, हे बरं केलं. त्या टोकाच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट आले, तर त्या केबलवरच्या डिस्क पहिल्याच बटणाला जाऊ शकतात.