वर्गातलं इंग्रजी (भाग ७) : एक नदी, तीन वाटा

मागच्या भागात वस्तू कुठे आहे हे सांगणारी ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’ ही शब्दयोगी अव्ययं पाहिली. या आठवड्यात हालचाल दाखवणारी पाच घेऊ: इनटू, ऑनटू, थ्रू, अक्रॉस आणि अलाँग. आपण ‘मैदानातून’ आणि ‘बोगद्यातून’ एकाच प्रत्ययाने म्हणतो. इंग्रजीत मात्र मैदानाला ‘अक्रॉस’ आणि बोगद्याला ‘थ्रू’ लागतं. मुलं अडखळतात ती इथेच. अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा वाट चालायला लावली, की हा फरक लवकर कळतो.

व्हरांड्यात खडूने साधारण दहा फूट लांब-रुंद नकाशा काढा. मधून दोन फूट रुंदीची नदी, एका काठाला मैदान, दुसऱ्या काठाला घराचा चौकोन. वडाच्या पाराच्या जागी एक भक्कम पाट ठेवा.

सुरुवात एकट्या नदीपासून करा. ‘वॉक अलाँग द रिव्हर’ म्हटल्यावर मूल काठाकाठाने चालेल. ‘जम अक्रॉस द रिव्हर’ म्हटल्यावर पलीकडच्या काठावर उडी मारेल. ‘स्टेप इनटू द रिव्हर’ म्हटल्यावर दोन रेघांच्या मध्ये पाय ठेवेल. नदी तीच, वाटा तीन. मग ‘स्टेप ऑनटू द पार’ म्हणून पाटावर चढवा.

मुलाला समजलं की नाही, ते पाय कुठून निघाले आणि कुठे थांबले यावरून ओळखा. ‘अक्रॉस’मध्ये काठ बदलतो, ‘अलाँग’मध्ये बदलत नाही. ‘इनटू’मध्ये बाहेरून निघून आत थांबायचं असतं. मूल आधीच चौकोनात उभं असेल, तर ‘वॉक इनटू द हाऊस’ ही आज्ञा त्याला पाळताच येणार नाही.

‘थ्रू’ खडूने दाखवता येत नाही. जमिनीवर रंगवलेल्या जंगलावरून चालणं दिसायला ‘अक्रॉस’सारखंच असतं. चालणाऱ्याच्या आजूबाजूला काहीतरी उभं हवं. म्हणून सात-आठ मुलांना झाडं करून उभं करा आणि एकाला त्यांच्या मधून वाट काढत जाऊ द्या. बोगद्यासाठी टेबलावर चादर टाकली, की काम होतं.

आधी ऐकून कृती आणि बोलणं नंतर, हा क्रम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडला. म्हणून आधी तुम्ही बोलत चाला, मग तुमच्या आज्ञेवर मूल चालेल. त्यानंतर एक मूल मुकाट्याने चालेल आणि वर्ग त्याचं वाक्य सांगेल.

एक अपवाद मुलांना सांगून ठेवा. पुलावरून आपण त्याच्या लांबीनेच जातो, तरी इंग्रजीत बहुधा ‘अक्रॉस द ब्रिज’ म्हणतात, कारण पलीकडे पोचणं महत्त्वाचं असतं.

नदीच्या तिन्ही वाटा न अडखळता चालता आल्यावरच वाक्यं वहीत लिहायला द्या.