मधला मजकूर कुठे गेला?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक या सगळ्यासाठी लोकांचे पाय बेळगावकडेच वळत राहिले. जिल्ह्याची कचेरी मात्र शंभराहून अधिक किलोमीटर लांब गेली. इतक्या दूर एसटीनं जाऊन साहेबांसमोर उभं राहून बोलायचं तर एक दिवसाची मजुरी बुडणार, आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवसाचीही. त्यामुळे आपल्या वतीनं बोलायचं काम अर्जावर येऊन पडलं. तो अर्ज कसा बोलायचा, हे पुढची कैक वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या लिहिणाऱ्यांनी ठरवलं.

त्यांच्या अर्जाची बांधणी ठरलेली असे. वर ‘मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’, मग ‘अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो ऐसाजे’, आणि शेवटी ‘तरी मेहेरबान साहेबांनी गरिबावर कृपा करून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती’. इंग्रजी अर्ज असला तर ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’. दोन्हींचा जीव एकच. कुणी म्हणेल, ही गुलामगिरीची भाषा. मला ते अर्धंच पटतं. वरचा नमस्कार आणि खालचा नमस्कार यात मोठा दोष नव्हता. दोष होता मधल्या जागेत. नेमकं काय हवं आहे, ते तिथे लिहिलेलंच नसे.

आपल्याकडे पूर्वीपासून असंच होतं म्हणावं, तर तेही खरं नाही. पेशवाईतली मोडी पत्रं काढून पाहिली तर मायना लांबलचक असतो आणि शेवट ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे’ असाच ठरीव. पण ‘विनंती विशेष’ म्हणून मजकूर सुरू झाला की लिहिणारा थेट कामाला लागतो. किती रुपये, कोणत्या तिथीला, कोणाच्या हाती, कोणता घोडा, कोणता मुक्काम. ‘योग्य ते करावे’ म्हणून हात झटकणारा कारकून त्या दप्तरात फार दिवस टिकला नसता. ‘डू द नीडफुल’ ही मुळात विलायतेतलीच लकब. १९४८ मध्ये ब्रिटिश ट्रेझरीच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिलं, ते तिथल्या सरकारी नोकरांची भाषा सोपी व्हावी म्हणून. म्हणजे स्वातंत्र्य मिळून वर्षही उलटलं नाही तोवर तिकडे या भाषेची झाडाझडती सुरू झाली होती. आपण मात्र ती जपून ठेवली.

आपल्याकडे बदल झाला तो शब्दांचा. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला (आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं), १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. कचेरीची भाषा मराठी झाली हे मोठंच काम. पण इंग्रजी वाक्प्रयोगांना मराठी प्रतिशब्द देताना त्यातली पोकळीही जशीच्या तशी मराठीत आली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सबब सादर’, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’. शेवटचं वाक्य कारकुनाला फार सोयीचं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि सही करणाऱ्यानं काहीच ठरवलेलं नसतं.

लिहिणाऱ्यांनाही पोकळी सोयीचीच होती, आणि त्यांना सरसकट दोष देऊ नये. समोर बसलेल्या म्हातारीला कलम माहीत नसे, कधी लिहिणाऱ्यालाही नसे. नेमकी मागणी लिहिली आणि ती चुकीच्या साहेबाकडे गेली, तर अर्ज निकाली. ‘योग्य ती’ लिहिलं की निदान दार उघडं राहतं. जोवर काम मेहेरबानीवर होत होतं, तोवर हे शहाणपणच होतं.

पुढे हे नमुने जपले टायपिंग इन्स्टिट्यूटनी. आमच्या पिढीनं तिथेच पत्र शिकलं. परीक्षेत गतीच्या उताऱ्याबरोबर पत्र आणि तक्ता असे. समास किती सोडायचा, तारीख कुठे, ‘युवर्स फेथफुली’ कुठे, यावर गुण. पत्रात काय म्हटलंय, यावर एकही गुण नाही. त्या फाटक्या सराव-पुस्तकातलं पत्र बोटांत इतकं बसलं की पुढे गोव्याच्या हॉटेलात, पुण्याच्या कंपनीत अर्ज करताना चंदगडची पोरं तेच पत्र पाठवत राहिली, फक्त कागदाऐवजी ईमेलमधून.

खरा बदल भाषेच्या पुस्तकातून आला नाही, तो आला कायद्यातून. २००५ मध्ये माहिती अधिकार आला आणि त्याबरोबर महाराष्ट्रात ‘जोडपत्र अ’ आलं. हा नमुना एकदा नीट वाचा. माहितीचा विषय, कोणत्या कालावधीतली, नेमका तपशील, टपालानं हवी की हातोहात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरजच नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. ‘कृपा करून’ लिहायला त्यात रकानाच नाही. कचेरीबाहेरच्या टेबलांवर जोडपत्राच्या झेरॉक्स आल्या, आणि आयुष्यभर ‘योग्य ती’ लिहिणाऱ्यांना पहिल्यांदा विचारावं लागलं, ‘काकी, तुम्हाला नेमकं पाहिजे काय?’ २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. दाखल्याला मुदत आली, पोचपावती आली, मुदत टळली तर अपील आलं. २०२१ मध्ये केरळातल्या माथूर ग्रामपंचायतीनं तर ‘सर’ आणि ‘मॅडम’ हे शब्दच कचेरीतून काढले आणि ‘नम्र विनंती’ऐवजी हक्कानं मागा असं लोकांना सांगितलं. ते मला जरा टोकाचं वाटतं. ‘साहेब’ म्हटल्यानं कुणाचं काही जात नाही, मागणी जागेवर असली म्हणजे झालं.

एक उदाहरण घेऊ. सातबारा संगणकावर चढवताना आकडे चुकले, हे दुखणं आपल्याकडे घरोघरी. जुना अर्ज असा: ‘विषय: सातबाराबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करतो की माझ्या सातबाऱ्यात चूक झालेली असून मला नाहक त्रास होत आहे. तरी मेहेरबान साहेबांनी योग्य ती कार्यवाही करावी.’ या अर्जाचं पुढे काय होतं? बारनिशीला बसलेला कारकून पूर्ण अर्ज वाचत नाही. तो विषय वाचतो आणि त्यावरून कागद कोणत्या संकलनाकडे द्यायचा ते ठरवतो. ‘सातबाराबाबत’ म्हणजे वारस नोंद, बोजा, फेरफार, क्षेत्र यातलं काहीही. कागद फिरतो, आणि दोन महिन्यांनी ‘सविस्तर अर्ज सादर करावा’ असं उत्तर येतं.

तोच अर्ज आता असा लिहितात: ‘विषय: गट क्रमांक अमुक, मौजे तमुक, सातबाऱ्यावरील क्षेत्राची लेखनचूक दुरुस्त करणे (कलम १५५).’ खाली नुसतं ‘महोदय, नमस्कार.’ मग मजकूर: ‘माझ्या हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४२ हेक्टर आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर ते ०.२४ हेक्टर आले आहे. मधल्या काळात या गटाची विक्री किंवा वाटणी झालेली नाही. दोन्ही उतारे आणि संबंधित फेरफार जोडला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ नुसार ही चूक दुरुस्त करून द्यावी. एखादा कागद कमी असल्यास खालील क्रमांकावर फोन करावा, मी आणून देईन. आपला, …’

यात ‘कृपा’ नाही, ‘गरीब’ नाही. तरी हा अर्ज आधीच्यापेक्षा जास्त आपुलकीचा आहे असं मला वाटतं, कारण तो वाचणाऱ्याचं काम कमी करतो. ‘मधल्या काळात विक्री किंवा वाटणी झालेली नाही’ हे वाक्य तलाठ्याचा मोठा प्रश्न आधीच सोडवतं. ‘मी आणून देईन’ हे तर पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं. मर्यादाही सांगून ठेवतो. कलम १५५ फक्त लेखनातल्या चुकीपुरतं आहे. शेजाऱ्यानं बांध सरकवला असेल किंवा मालकीचाच वाद असेल, तर अर्ज कितीही सुबक असला तरी या वाटेनं काम होत नाही.

खाजगी व्यवहारात चित्र थोडं वेगळं आहे. तालुक्यात काजूचे छोटे कारखाने बरेच. माल जातो, पैसे अडकतात. मग मालक लिहितात, ‘रिस्पेक्टेड सर, काइंडली क्लिअर पेमेंट अॅट द अर्लिएस्ट अँड डू द नीडफुल.’ घेणारा ‘अर्लिएस्ट’ला घाबरत नाही, कारण त्यात तारीख नाही. कायदा मात्र तारखेचीच भाषा बोलतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखान्याला, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, असं २००६ चा कायदा सांगतो. म्हणून नवा ईमेल असा जमतो: ‘नमस्कार. आमच्या अमुक क्रमांकाच्या बिलाची मुदत तमुक तारखेला संपली. मालाबद्दल किंवा वजनाबद्दल काही शंका असेल तर आजच सांगा, लगेच बघू. नसेल तर शुक्रवारपर्यंत रक्कम जमा करावी. पुढची खेप त्यानंतर रवाना करतो.’ गोडवाही आहे आणि शेवटच्या वाक्यात धारही.

मोबाइल हाती आलेल्या पिढीनं मात्र उलटीच गंमत केली आहे. ‘रिस्पेक्टेड’ गेलं आणि ‘हाय सर’ आलं. ‘काइंडली’चं ‘प्लीज’ झालं. पण ‘डू नीडफुल’ तसंच राहिलं, फक्त मधला ‘द’ गळाला. २०१८ पासून दहावीच्या मराठीत पत्राचा आराखडा ईमेलच्या धर्तीवर आला, सगळं डाव्या समासाला लागून. आराखडा सुटसुटीत झाला, पण मागणी एका वाक्यात लिहायची सवय लावणं अजून शिक्षकाच्या मर्जीवरच आहे.

आणि कचेरीकडून येणारी उत्तरं? त्यात फारसा फरक नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं असा शासन निर्णय निघाला, पण पत्रातलं ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य कुणी हलवलेलं नाही. असं उत्तर आलं तर दुसरा विनंती अर्ज लिहू नये. बारनिशी क्रमांक आणि तारीख देऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: माझा अर्ज आज कोणत्या संकलनाकडे आहे, आणि त्यावर टिपणी कोणत्या तारखेला सादर झाली. आठवड्याभरात उत्तर आलं नाही, तर हेच दोन प्रश्न ‘जोडपत्र अ’मध्ये लिहावेत.