गेल विवरातील दुपार आणि भारतीय प्रमाणवेळ

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते आणि भंडारा शहर सुमारे ७९.६५ अंशांवर असल्याने, दर अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने तेथील स्थानिक सौरवेळ घड्याळाच्या सुमारे ११ मिनिटे मागे असते. व्यवहारात हा फरक कोणी लक्षातही घेत नाही. मंगळावर उतरलेल्या रोव्हरच्या चमूला मात्र स्थानिक वेळच धरून चालावे लागते, कारण छायाचित्रांसाठी हवा तो प्रकाश आणि यंत्रांना मानवणारे तापमान यांचे वेळापत्रक तेथील सूर्य ठरवतो.

मंगळावरील एका सौरदिवसास ‘सोल’ म्हणतात. तो २४ तास ३९ मिनिटे ३५.२४४ सेकंदांचा असून त्याचेही २४ तास पाडले जातात, त्यामुळे मंगळाचा एक तास पृथ्वीच्या सुमारे ६१ मिनिटे ३९ सेकंदांएवढा भरतो. मंगळाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने प्रत्यक्ष सूर्य या घड्याळाच्या पाऊण तासाहूनही अधिक मागे पडू शकतो. म्हणून रोजचे नियोजन सरासरी सूर्यावर आधारलेल्या, एकसारख्या चालणाऱ्या वेळेवर केले जाते.

क्युरिऑसिटी हे रोव्हर ६ ऑगस्ट २०१२ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी १० वाजून ४७ मिनिटे ५७ सेकंदांनी गेल विवरात उतरले. मंगळाच्या मूळ रेखावृत्तावर तेव्हा सुमारे ५ वाजून ५३ मिनिटे झाली होती; विवर १३७.४४ अंश पूर्वेस असल्याने, पंधरा अंशांस एक तास या दराने सुमारे ९ तास १० मिनिटे मिळवली की तेथील दुपारचे ३ वाजून ३ मिनिटे येतात. हा दिवस शून्यावा सोल मानला गेला. दहाव्या सोलला हीच दुपारची वेळ भारतात केव्हा येईल, हे काढण्यासाठी ३९ मिनिटे ३५.२४४ सेकंदांची दहापट, म्हणजे ६ तास ३५ मिनिटे ५२ सेकंद, दहा पूर्ण दिवसांत मिळवावी लागते, आणि उत्तर १६ ऑगस्टच्या सायंकाळचे ५ वाजून २३ मिनिटे ४९ सेकंद असे येते. मात्र ही घटनेची वेळ झाली. संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास उतरण्याच्या वेळी आणखी सुमारे पावणेचौदा मिनिटे लागत होती, आणि ग्रहांमधील अंतर बदलत असल्याने हा आकडा कायमचा धरून ठेवला तर हिशेब चुकतो.

खरी अडचण माणसांची असते. मंगळवेळेवर काम करणाऱ्यांची पाळी रोज सुमारे ४० मिनिटे पुढे सरकते आणि साधारण ३६ सोलांनी पुन्हा मूळ तासावर येते. म्हणूनच क्युरिऑसिटीचा चमू सुरुवातीचे सुमारे ९० सोल असे जगला आणि नंतर पृथ्वीच्या कार्यालयीन वेळेवर परतला. तेव्हापासून रोव्हरची माहिती चमूच्या कामाच्या तासांत वेळेवर येत नसेल, तर दोन सोलांचे आदेश एकदमच पाठवले जातात.