झबल्याचा कागद अमेरिकेत छापायचा, तर मापं इंचात कशी द्यायची?

शिलाईकाम करणाऱ्या गटांना कधी ना कधी अडवणारी एक गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. शक्य असेल तर शिवणाची टेप, शाळेतल्या लेकराची तीस सेंटिमीटरची पट्टी आणि एक कोरा झेरॉक्सचा कागद जवळ घेऊन बसा.

समजा, झरीतल्या एका गटाने बाळाच्या झबल्याची बेतणी कागदावर काढली आहे. कुणाची तरी नणंद अमेरिकेत राहते आणि तिथल्या मराठी बायकांना हाच कागद पाहून झबली शिवायची आहेत. कागद टपालाने पाठवायचा नाही, फाइल पाठवायची. छपाई तिथल्याच दुकानात होईल. दुकानदार विचारतो, कागद किती इंच बाय किती इंच? आपल्याकडे तर झेरॉक्सवाला नुसतं ‘ए-फोर’ म्हणतो आणि काम होऊन जातं.

आधी आपला कागद मोजून घ्या. आडवा २१ सेंटिमीटर, म्हणजे २१० मिलिमीटर. उभा २९.७ सेंटिमीटर, म्हणजे २९७ मिलिमीटर. पट्टी उभ्या बाजूला लावली तर कागद पट्टीपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर तोकडा पडतो. आकडा असा आडनिडा का, याला कारण आहे. एक चौरस मीटरचा मोठा कागद चार वेळा निम्मा करत गेलं की सोळावा हिस्सा उरतो, तोच हा. प्रत्येक निम्म्याची ठेवण मूळ कागदासारखीच राहावी असं माप धरलेलं असल्यामुळे आकडे पूर्ण येत नाहीत.

आता इंचाकडे वळू. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, ना कमी ना जास्त. १९५९ साली अमेरिका, इंग्लंड, कॅनडा अशा देशांनी मिळून हे माप पक्कं केलं. म्हणून मिलिमीटरला २५.४ ने भागलं की इंच मिळतात. मोबाइलवर हे लगेच होतं, पण एकदा हाताने करून पाहिलं तर मनात बसतं. दशांश चिन्ह नको म्हणून दोन्हीकडे दहाने गुणा. २१० ऐवजी २१००, आणि २५.४ ऐवजी २५४.

२५४ आठ वेळा घेतले की २०३२ होतात. बाकी राहिले ६८. म्हणजे आठ इंच पूर्ण आणि वर थोडं. पुढे शून्य घेत भागत गेलं की ८.२६७ येतं, ते आपण ८.२७ धरू. उभ्या बाजूला २९७० मध्ये २५४ अकरा वेळा बसतात, त्याचे २७९४ होतात आणि बाकी १७६ राहते. पुढे भागलं की ११.६९. झालं आपलं उत्तर: ८.२७ इंच बाय ११.६९ इंच. ती १७६ ची बाकी मात्र लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे.

सोपं म्हणून २५.४ च्या जागी नुसते २५ धरू नका. तसं केलं तर २९७ चे ११.८८ इंच होतात. खऱ्या मापाहून हे जवळजवळ पाच मिलिमीटर जास्त आहे. शिवणात पाच मिलिमीटर म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गफलत टेपवर होते. टेपवर इंचाचे दहा भाग नसतात, आठ असतात. आपण त्यांना सूत म्हणतो. त्यामुळे ८.२७ म्हणजे आठ इंच सत्तावीस काहीतरी, असं नाही. पॉइंटच्या पुढच्या भागाला आठने गुणायचं. ०.२७ गुणिले ८, म्हणजे दोन सूत आणि किंचित. तसंच ०.६९ चे साडेपाच सूत. आता टेप लावून बघा: आडवा कागद आठ इंच दोन सूत, उभा अकरा इंच साडेपाच सूत. जुळत नसेल तर टेप तपासा. वापरून वापरून कापडी टेप ताणली जाते. पट्टीवर तसं होत नाही.

हिशेब इथे संपला असं वाटतं, पण खरी मेख पुढेच आहे. नणंद लंडनला किंवा दुबईला असती तर तिथेही हाच ए-फोर कागद मिळाला असता. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र रोजचा कागदच निराळा आहे. त्याला ‘लेटर’ म्हणतात आणि तो साडेआठ इंच बाय अकरा इंच असतो. आपल्यापेक्षा तो जवळपास सहा मिलिमीटर रुंद आहे, पण उंचीला आखूड. किती आखूड? आपण अकरा इंच काढून घेतल्यावर जी बाकी उरली होती, तेवढाच. १७६ ला दहाने भागा: १७.६ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर.

दुकानदाराने आपली फाइल या आखूड कागदावर छापली तर दोनपैकी एक होतं. एक तर वरची किंवा खालची पट्टी कापली जाते. ते परवडलं, कारण लगेच दिसतं. दुसरं वाईट. मशीन अख्खं चित्र आकसून कागदात बसवतं, उंची मावावी म्हणून सगळंच सुमारे ९४ टक्के होतं. कागद बघायला सुबक दिसतो, कुठेच काही तुटलेलं नसतं. पण झबल्याच्या छातीचा पाव भाग आपण १५ सेंटिमीटर काढला असेल तर तो १४.१ निघतो. चार भाग मिळून ६० चा घेर साडेछप्पन्नच्या आत येतो. कापड कापून, शिवून झाल्यावर झबलं बाळाच्या अंगात चढत नाही, तेव्हा कळतं.

यावर आम्हाला पटलेला उपाय असा: चित्रच असं काढा की दोन्ही कागदांवर ते मूळ मापात मावेल. ए-फोरची रुंदी आणि लेटरची उंची धरली आणि चारही बाजूंना अर्धा इंच मोकळा सोडला, तर १८ बाय २५ सेंटिमीटर जागा निर्धास्त वापरता येते. भाग त्याहून मोठा असेल तर दोन कागदांवर तोडा आणि जोडाच्या जागी खूण करा.

शिवाय कोपऱ्यात दोन रेघा मारा, एक बरोबर १० सेंटिमीटरची आणि एक बरोबर ४ इंचाची. तिथे पट्टी इंचाची असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून दुसरी रेघ हवी. नणंदेला सांगा, कापड कापण्याआधी ती मोजायची. चार इंच भरली तर ठीक. तीन इंच सहा सूत भरली तर कागद आकसला आहे, तो टाकून द्यायचा. छापताना मशीनवर `Fit` नाही, तर `Actual size` किंवा `100%` निवडायचं.

दुकानदाराला एवढाच निरोप पाठवा. आधी रुंदी, मग उंची:

```
Page: A4 = 210 x 297 mm = 8.27 x 11.69 in
Not Letter. Print at 100%.
```

त्याच्याकडे ए-फोर कागद नसेल तर तो मोठ्या कागदावर छापून याच मापाला कापून देऊ शकतो, पण त्याचे पैसे वेगळे लागतात, आधी विचारून घ्या. लेटरवरच छापायचं ठरलं तर त्याला ८.२७ चा आकडा देऊच नका. फाइलचं पानच ८.५ बाय ११ इंचाचं करा आणि चित्र त्या १८ बाय २५ च्या जागेत तसंच ठेवा. सगळे कागद छापण्याआधी एकच छापून घ्यायला सांगा आणि रेघेवर पट्टी ठेवलेला फोटो मागवा. पट्टीचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून काढलेला.