एक ‘गुलामगिरी’, पाच नोंदी

चौदा लेखकांचे चौदा लेख माझ्याकडे आले होते. विषय एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचं समाजचिंतन. त्यामुळे जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ त्यांतल्या पाच लेखांत आली यात नवल नव्हतं. त्या पाच लेखांच्या संदर्भसूच्या छापून टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पहिल्या सूचीत पुस्तक ‘फ’मध्ये होतं: ‘फुले, जोतीराव, १८७३’. दुसरीत ते ‘म’मध्ये, ‘महात्मा फुले, १९९१’ असं. तिसरीत ‘ज’मध्ये ‘जोतिबा फुले’, आणि वर्ष नाहीच. चौथ्या लेखकाने ‘समग्र वाङ्मय’ लिहून पुढे धनंजय कीर आणि स. गं. मालशे या संपादकांची नावं व १९६९ हे वर्ष दिलं होतं. पाचवा लेख इंग्रजीतून भाषांतर होऊन आलेला, त्यात गो. पु. देशपांडे यांनी संपादित केलेल्या फुल्यांच्या निवडक लेखनाच्या इंग्रजी पुस्तकाची, २००२ सालची, नोंद होती.

प्रत्येक लेख स्वतंत्रपणे वाचला तर कुठेच काही खटकत नाही. पण एका बांधणीत आले की वाचकाला ही पाच वेगवेगळी पुस्तकं वाटतात. एक नोंद निवडून ती पाचही ठिकाणी चिकटवावी, असा मोह अशा वेळी होतो. संपादकाच्या हातून सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

कारण पृष्ठ क्रमांक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं फुल्यांचं ‘समग्र वाङ्मय’ १९६९ साली कीर-मालशे यांच्या संपादनाखाली आलं, आणि पुढे १९९१ साली य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती निघाली. मजकूर फुल्यांचाच, पण दोन आवृत्त्यांतली पानं एकमेकांशी जुळत नाहीत. १९९१ची प्रत समोर ठेवून लिहिणाऱ्याच्या नोंदीत मी १९६९ घातलं, तर वाचक ते पान उघडेल आणि तिथे भलताच मजकूर सापडेल. दोष लेखकाचा नसेल, माझा असेल. म्हणून मी स्वतःपुरता एकच नियम ठेवला आहे: नोंदीचं रूप सगळीकडे एक करायचं, प्रत मात्र लेखकाने वापरली तीच राहू द्यायची. आडनाव आधी की नाव, वर्ष कुठे, ‘संपा.’ कसं लिहायचं, प्रकाशक आधी की गाव, हे संपादक ठरवतो. हातात कोणतं पुस्तक होतं हे फक्त लेखक सांगू शकतो.

म्हणून पाचही लेखकांना मी एकच प्रश्न पाठवला: उतारा कोणत्या प्रतीतून घेतलात? १८७३ लिहिणाऱ्या लेखकाचं उत्तर लगेच आलं. मूळ आवृत्ती त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांच्याकडे १९९१चं ‘समग्र वाङ्मय’ होतं. पुस्तक कधीचं आहे हे वाचकाला कळावं म्हणून त्यांनी १८७३ लिहिलं. हेतू रास्त होता, नोंद चुकीची होती. ती मी अशी केली: फुले, जोतीराव, १९९१ (प्रथम प्रकाशन १८७३), ‘गुलामगिरी’, त्यापुढे ‘समग्र वाङ्मय’, संपादकाचं नाव, प्रकाशक आणि गाव. अशाने काळही कळतो आणि पानही सापडतं.

नोंदी शोधायची माझी रीत साधी आहे. चौदाही सूच्यांतल्या सगळ्या नोंदी एका एक्सेलच्या तक्त्यात उतरवायच्या. एका ओळीत एक नोंद, आणि पहिल्या रकान्यात प्रकरणाचा क्रमांक. मग तक्ता दोनदा लावायचा, एकदा आडनावाप्रमाणे, एकदा पुस्तकाच्या नावाप्रमाणे. आडनावाने लावला तेव्हा ‘फुले’ आणि ‘महात्मा’ दूर दूर पडले होते. पुस्तकाच्या नावाने लावल्यावर ‘गुलामगिरी’च्या ओळी एकाखाली एक आल्या. संग्रहाच्या नावाने दिलेल्या दोन नोंदी तरीही निसटल्याच. त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागल्या.

देवनागरीत आणखी एक अडचण असते. ‘युगान्त’ आणि ‘युगांत’ हे वाचणाऱ्याला एकच पुस्तक, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘वाङ्मय’ची तर तीन-चार रूपं सापडतात, आणि काही वेळा फरक डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा असतो, त्यामुळे ‘शोधा’ म्हटलं तरी निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून आलेला असेल, तर जोडाक्षरांवर विशेष लक्ष ठेवावं लागतं. शिवाय संगणक ‘क्षीरसागर’ला ‘क’च्या घरात बसवतो, आपण ‘क्ष’ वर्णमालेच्या शेवटी घेत असू, तर तो क्रम हाताने लावावा लागतो. शकाचंही तसंच. शके १८०४ म्हणजे नेमकं १८८२ नव्हे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९. महिना माहीत नसेल तर मी ‘शके १८०४ (१८८२-८३)’ असं लिहिते.

तळटिपांना हात लावण्याआधी ‘तत्रैव’ काढून टाकावं, हे मी फार उशिरा शिकले. तत्रैव म्हणजे आधीच्या टिपेतलंच पुस्तक. लेखकाने लिहिलं तेव्हा ते बरोबर असतं. मग संपादनात मधे एक टीप वाढते, किंवा एक परिच्छेद वर सरकतो, आणि तत्रैव शेजारच्या भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. मुद्रितशोधनात हे पकडता येत नाही, कारण ओळ अगदी निर्दोष दिसते. म्हणून लेख हातात आला की आधी प्रत्येक ‘तत्रैव’ आणि ‘पूर्वोक्त’च्या जागी लेखकाचं नाव, वर्ष आणि पान घालते. बाकीचं सगळं त्यानंतर.

झोटेरोसारखं सॉफ्टवेअर वापरणारे लेखक असले तर काम हलकं होतं, पण प्रत्येकाचा संग्रह वेगळा असतो. दोघांच्या संग्रहांतलं तेच पुस्तक एका फाइलमध्ये आलं की सॉफ्टवेअर त्याला दोन पुस्तकं समजून ‘१९९१अ’ आणि ‘१९९१ब’ असं छापू शकतं. एकाच पुस्तकाला अ-ब लागलेलं दिसलं, की कारण बहुधा हेच.

सगळं जुळल्यावर प्रत्येक लेख दोन बाजूंनी तपासायचा. मजकुरातला प्रत्येक कंस सूचीत आहे का, आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठे तरी आली आहे का. मी छापील प्रतीवर पेन्सिलीने खुणा करते. शेवटी सूचीत बिनखुणेच्या ओळी उरतात; त्या लेखकाने वाचलेल्या, पण लेखात न वापरलेल्या पुस्तकांच्या असतात.

‘ज’मधल्या, वर्ष नसलेल्या नोंदीचं उत्तर सर्वांत शेवटी आलं. लेखकाकडे पुस्तक नव्हतंच. वीसेक वर्षांपूर्वी काढलेल्या झेरॉक्सची पानं होती, त्यांत शीर्षकपान नव्हतं. त्यांनी एका पानाचा फोटो पाठवला. तो घेऊन मी ग्रंथालयात गेले, दोन्ही आवृत्त्या मागवल्या आणि पानाची पहिली व शेवटची ओळ ताडून पाहिली. १९६९च्या आवृत्तीशी ती जुळली. पाच लेख अखेर तीन नोंदींवर आले: १९६९च्या दोघांच्या, १९९१च्या दोघांच्या, आणि २००२चं इंग्रजी पुस्तक एकाचं. मराठी ग्रंथांच्या दोन्ही नोंदी आता ‘फ’मध्ये, एकाखाली एक आहेत.