गुणांपासून शक्यतेपर्यंत

‘मुसळधार पावसामुळे आज शाळेला…’ या वाक्यापुढचा शब्द निवडताना भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दाला आधी नुसते गुण देतं. समजा, ‘सुट्टी’ला ३, ‘उशीर’ला २ आणि ‘कुलूप’ला १ मिळाला. हे गुण ऋणही असू शकतात आणि त्यांची बेरीज काहीही येऊ शकते, म्हणून त्यांना थेट शक्यता म्हणता येत नाही.

इथे सॉफ्टमॅक्स कामाला येतं. e म्हणजे साधारण २.७१८, या संख्येचा गुणाइतका घात काढायचा. मग २०.०९, ७.३९ आणि २.७२ असे आकडे मिळतात. प्रत्येकाला ३०.१९ या बेरजेने भागलं की शक्यता येतात सुमारे ६७, २४ आणि ९ टक्के. घातामुळे ऋण गुणही धन होतो, आणि एका गुणाचा फरक नेहमी २.७१८ पटींचा ठरतो, मग गुण ३ आणि २ असोत की १०३ आणि १०२. म्हणूनच संगणकात आधी सगळ्यांतून सर्वांत मोठा गुण वजा करतात. उत्तर तेच राहतं, पण प्रचंड घातांमुळे गणित कोलमडत नाही.

टेम्परेचर म्हणजे घात काढण्याआधी गुणांना ज्याने भागायचं ती संख्या. ०.५ ने भागलं तर ‘सुट्टी’ ८७ टक्क्यांवर चढते, ‘कुलूप’ दोनाच्याही खाली जातं. २ ने भागलं तर हेच आकडे ५१, ३१ आणि १९ च्या आसपास येतात. क्रम मात्र कधीच बदलत नाही. त्यामुळे मुळात चुकीच्या शब्दाला जास्त गुण मिळाले असतील, तर टेम्परेचर उतरवल्याने तीच चूक अधिक ठामपणे होते.