काळवंडलेला दात आतून उजळताना

लहानपणी चेंडू लागलेला पुढचा दात रूट कॅनॉलनंतरही करडा दिसू शकतो, कारण मार लागल्यावर आत झिरपलेल्या रक्ताचे अंश दाताच्या सूक्ष्म नलिकांत मुरलेले असतात. तो उजळण्यासाठी डॉक्टर दात मागच्या बाजूने उघडतात, मुळातले भरण हिरडीच्या पातळीखाली थोडे काढतात आणि त्यावर सुमारे 2 मिलिमीटर सिमेंटचा थर देतात. मग सोडियम परबोरेट व पाण्याचा लगदा आत काही दिवस बंद ठेवतात.

तो थर नसेल, तर रसायन नलिकांतून मुळाबाहेर झिरपू शकते आणि शरीराच्याच पेशी मूळ कुरतडू लागतात. 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उष्णता वापरल्यास हा धोका वाढतो. ही झीज बहुधा दुखत नाही. म्हणून दात उजळल्यावरही काही वर्षे ठरावीक काळाने एक्स-रे काढून घ्या.